डीकॅफमध्ये उरलेलं कॅफीन: एका प्रतिक्रियेला उत्तर

«डीकॅफ म्हणजे कॅफीन नसलेली कॉफी, हीच मुळात फसवणूक आहे. कॅफीन उरतंच, वर ते काढायला पेंट उतरवायचं रसायन वापरतात. माझ्या आईला छातीत धडधडतं, घाबरल्यासारखं होतं. तुमचा लेख वाचून तिने कॅफेत डीकॅफ कापुचिनो घेतली आणि तासाभरात धडधड सुरू झाली. असा सल्ला देऊ नये.»

आईंना त्रास झाला हे वाचून वाईट वाटलं. मात्र त्यांच्या त्या कपात नेमकं काय असू शकतं, हे नीट पाहायला हवं.

आधी उरलेलं कॅफीन. युरोपीय नियमानुसार भाजलेल्या डीकॅफमध्ये ते वजनाच्या 0.1 टक्क्यापेक्षा जास्त चालत नाही, तर इन्स्टंटमध्ये 0.3 टक्के. म्हणजे घरी 10 ग्रॅम डीकॅफ पावडरची फिल्टर कॉफी केली, तर सगळं कॅफीन कपात उतरलं तरी 10 मिलिग्रॅमच्या वर जात नाही. इन्स्टंटच्या 2 ग्रॅमला 6 मिलिग्रॅम. त्याच 10 ग्रॅम साध्या कॉफीत, ती अरेबिका जातीची असेल तर सुमारे 120 मिलिग्रॅम असतं, रोबस्टा जातीची असेल तर जवळजवळ दुप्पट. साधा चहासुद्धा कपाला 30 ते 50 देतो. त्यामुळे आई दिवसाला दोन कप चहा घेत असतील, तर डीकॅफपेक्षा आधी त्या चहाचा हिशोब करायला हवा. अमेरिकेत 97 टक्के कॅफीन काढण्याचा प्रघात आहे. तिथे उरलेलं प्रमाण मूळ बियांवर अवलंबून राहतं, म्हणून पाकिटावर अरेबिका लिहिलेलं असेल तर बरं.

पेंट उतरवणाऱ्या द्रव्यांत वापरलं जाणारं ते रसायन म्हणजे मिथिलीन क्लोराइड, आणि डीकॅफसाठी ते वापरतात हे खरं आहे. पण कसं, तेही पाहा. कच्च्या हिरव्या बिया वाफेने फुगवतात, मग हे द्रावक वारंवार फिरवून कॅफीन विरघळवून घेतात, पुन्हा वाफ देऊन द्रावक हाकलतात आणि बिया वाळवतात. ते 40 अंशांच्या आसपासच उकळतं. पुढे भट्टीचं तापमान 200 अंशांवर जातं, त्यामुळे मागे फारच थोडा अंश उरतो. युरोपात भाजलेल्या कॉफीत किलोला 2 मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. तरीही नको वाटत असेल तर पाकिटावर 'वॉटर प्रोसेस' किंवा 'सीओटू' लिहिलेली कॉफी घ्या. पहिल्या पद्धतीत कोळशाच्या गाळणीतून पाण्यातलं कॅफीन अडवतात, दुसरीत प्रचंड दाबाखालच्या कार्बन डायऑक्साइडने ते ओढून घेतात. काहीच लिहिलं नसेल तर पद्धत ओळखता येत नाही. मात्र धडधडीच्या दृष्टीने पद्धतीपेक्षा उरलेलं कॅफीन महत्त्वाचं.

आता त्या कापुचिनोकडे वळू. कॅफेतल्या डीकॅफ एस्प्रेसोच्या एका शॉटमध्ये साधारण 3 ते 16 मिलिग्रॅम कॅफीन मोजलं गेलं आहे. बहुतेकांचं हृदय एवढ्याने वेग घेत नाही. पण डीकॅफची मागणी कमी असल्यामुळे अनेक ठिकाणी तिच्यासाठी वेगळा ग्राइंडर नसतो. आधीच्या साध्या बियांचा चुरा पात्यांमध्ये आणि नळीत अडकलेला असतो. 18 ग्रॅमच्या डबल शॉटमध्ये असा 4 ग्रॅम चुरा आला, तर अरेबिकाचे जवळपास 48 आणि रोबस्टाचे 88 मिलिग्रॅम वाढतात. गर्दीत बटण चुकलं, तर कप पूर्ण साधाच. चवीवरून हे कळणं अवघड. म्हणून कॅफेत दोनच प्रश्न विचारावे: ग्राइंडर वेगळा आहे का, आणि नसेल तर आधीचा चुरा दळून टाकून देता का?

कॅफीन रक्तात तासाभरात शिखर गाठतं, म्हणून तुमच्या आईंच्या वेळेशी ही शक्यता जुळते. पण याच वेळेत पित्तही उसळतं. डीकॅफ पोटातलं आम्ल वाढवतेच, आणि छातीतली ती जळजळ घाबरण्याच्या प्रवृत्तीच्या माणसाला धडधडीसारखीच भासते.

पॅनिकचे झटके येणाऱ्यांमध्ये कॅफीनच्या मोठ्या मात्रेने झटका आणता येतो, हे प्रयोगांतून दिसलं आहे. ती मात्रा 400 मिलिग्रॅमच्या पुढची होती, म्हणजे घरच्या डीकॅफचे 40 कप. मात्र काहींना थोडंही बाधतं. फ्लुवोक्सामाइनसारखं नैराश्यावरचं औषध चालू असेल तर कॅफीन शरीरात कितीतरी जास्त वेळ रेंगाळतं, गरोदरपणातही तसंच. अशा व्यक्तीने सकाळचा एकच कप घ्यावा.

पडताळणी घरीच करा. एकाच पाकिटाची डीकॅफ, नाश्त्यानंतर, रोज एक कप, आठवडाभर. चहा आणि कोला बंद. आई आधी साधी कॉफी किंवा बराच चहा पीत असतील तर तो एकदम तोडू नका. बारा-चोवीस तासांत डोकं दुखायला लागतं, अस्वस्थ वाटतं, आणि दोष डीकॅफवर जातो. पावडरीत चौथा हिस्सा डीकॅफ मिसळून सुरुवात करा, दर चार-पाच दिवसांनी प्रमाण वाढवा. पूर्ण डीकॅफवर आल्यावरच आठवडा मोजा.

त्यानंतरही धडधड तशीच राहिली, तर कारण कॉफीबाहेर आहे असं धरून डॉक्टरांकडे ईसीजी, हिमोग्लोबिन आणि थायरॉइड तपासून घ्या. चक्कर येऊन शुद्ध हरपणं, छातीत दुखणं किंवा दम लागणं यांपैकी काही सोबत असेल, तर आठवडा थांबू नका, त्याच दिवशी न्या.