‘सगळं कर्ज एकदम उचला’ म्हणणाऱ्यांना उत्तर

"फ्लॅटचं काम चालू असेल तर बँकेला सांगून सगळं कर्ज एकदम बिल्डरला देऊन टाका, बिल्डर भाव कमी करतो. प्री-ईएमआय भरला की तो कर्जातून वजा होतोच. वरून त्या व्याजावर टॅक्सची पूर्ण सूट. ताबा लांबला तर हप्ता बंद करा, बँक काहीच करू शकत नाही."

हा मेसेज गावातल्या ग्रुपवर फिरत फिरत माझ्या भाच्यापर्यंत पोचला. तो समुद्रपूर तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे, फ्लॅट घेतलाय नागपूरला बेश्यात, आणि उरलेलं कर्ज एकदम सोडा असा अर्ज घेऊन तो बँकेत निघाला होता. म्हणून हे लिहितोय.

पहिला सल्ला सगळ्यात घातक आहे. 30 लाखांचं कर्ज, 9 टक्के व्याज, दोन वर्षांचं काम धरा. हिशेब सोपा जावा म्हणून सहा-सहा लाखांचे पाच टप्पे, दर सहा महिन्यांनी एक, शेवटचा ताब्याच्या वेळी. पहिले सहा महिने व्याज महिन्याला 4,500 रुपये. पुढच्या टप्प्याला 9,000, मग 13,500, मग 18,000. दोन वर्षांत झाले 2 लाख 70 हजार. तेच 30 लाख पहिल्याच दिवशी बिल्डरला दिले, तर महिन्याला 22,500, म्हणजे दोन वर्षांत 5 लाख 40 हजार. बरोबर दुप्पट! बिल्डर भाव कमी करतो हे काही ठिकाणी खरं आहे, नाही म्हणत नाही. पण भाच्याला सांगितलेली सूट होती चौरस फुटाला 50 रुपये, 800 फुटांचे 40 हजार. 40 हजारांसाठी 2 लाख 70 हजार जास्तीचे मोजायचे? आणि सगळा पैसा बिल्डरच्या हातात गेल्यावर चौथा स्लॅब थांबला, तर त्याला अडवायला आपल्याकडे उरतं काय?

मुळात बँकेने असं करायचंच नाही. रिझर्व्ह बँकेने 3 सप्टेंबर 2013 च्या परिपत्रकात बँकांना बजावलंय की गृहकर्जाची रक्कम बांधकामाच्या टप्प्यांशी जोडूनच द्यावी, अर्धवट प्रकल्पांत आगाऊ सगळी सोडू नये. कारणही हेच, की काम रखडलं तर भुर्दंड कर्जदाराला. महारेराच्या आदर्श करारनाम्यातही जोतं होईपर्यंत किमतीच्या 45 टक्क्यांहून आणि स्लॅब पूर्ण होईपर्यंत 70 टक्क्यांहून जास्त घेता येत नाही. बिल्डरचं मागणीपत्र आलं की साइटवर जाऊन स्लॅब मोजायचे, महारेराच्या संकेतस्थळावर प्रकल्पाची प्रगती बघायची, आणि मगच बँकेला होकार द्यायचा.

प्री-ईएमआय कर्जातून वजा होतो, हे साफ खोटं. पूर्ण हप्ता सुरू होईपर्यंत सुटलेल्या रकमेवर भरायचं ते नुसतं व्याज आहे. खात्री करायची तर कर्जखात्याचा उतारा काढा आणि शिल्लक मुद्दलाचा रकाना बघा. भाच्याच्या उताऱ्यात बारा लाख सोडल्यापासून दर महिन्याला 9,000 जातात आणि त्या रकान्यात 12,00,000 जसेच्या तसे आहेत. सध्या भाडं भरावं लागतं म्हणून प्री-ईएमआयने हात हलका राहतो, एवढं मात्र खरं. पण काम शेवटच्या टप्प्याआधी, 24 लाख सुटल्यावर वर्षभर अडलं, तर 2 लाख 16 हजार व्याज जातं आणि मुद्दल 24 लाखच राहतं. झेपत असेल तर बँकेला पूर्ण ईएमआय आधीच सुरू करता येतो का ते विचारा; व्याज वजा जाता उरलेली रक्कम मुद्दलात जाते.

टॅक्सचं थोडक्यात. राहत्या घरासाठी ही सूट फक्त जुन्या करप्रणालीत आहे. बांधकाम पूर्ण झालेल्या वर्षाच्या आधीचं व्याज त्या वर्षापासून पाच समान भागांत मिळतं, तेही वर्षाच्या 2 लाखांच्या मर्यादेतच. 30 लाखांवर ईएमआय सुरू झाला की पहिल्या वर्षाचं व्याजच 2 लाखांच्या पुढे जातं. घर एकट्याच्या नावावर असेल तर जुन्या व्याजाला त्यात जागाच उरत नाही.

आणि हप्ता बंद करा म्हणणाऱ्याने सही कोणाची आहे ते तरी बघायचं! बँकेचा करार आपल्याशी आहे, बिल्डरशी नाही. 90 दिवसांहून जास्त थकलं की खातं एनपीए, म्हणजे बुडीत कर्जाच्या यादीत जातं. सहकर्जदार म्हणून भाऊजींची सही आहे, त्यांच्या सिबिललाही डाग लागेल आणि पीककर्जाच्या वेळी तो आडवा येईल. ताबा लांबला तर रेरा कायद्याचं कलम 18 आहे: प्रकल्पात राहायचं असेल तर विलंबाच्या दर महिन्याचं व्याज बिल्डरकडून मागता येतं. त्यासाठी महारेराकडे तक्रार करायची, करारनामा आणि भरलेल्या पावत्या जोडून. तोपर्यंत बँकेचं व्याज वेळेवर भरत राहायचं. भाच्याने तो अर्ज दिलेला नाही. दुसऱ्या स्लॅबचं मागणीपत्र हातात आहे, आणि रविवारी आम्ही दोघं साइटवर जाऊन तो स्लॅब खरंच पडलाय का ते बघणार आहोत.