एकोणीस आभार

पगारवाढ मागणारा इमेल मी एकूण अकरा वेळा लिहिला. पहिला मसुदा माझ्यातल्या सातवीच्या विद्यार्थ्याने लिहिला. 'सविनय विनंती अर्ज करतो की' इथून सुरुवात होती आणि शेवटी 'आपला आज्ञाधारक' राहून गेला होता. वाचून पाहिलं तर पगारवाढीऐवजी आजारपणाची दोन दिवसांची रजा मागितल्यासारखं वाटत होतं. दुसरा मसुदा रात्री बांगड्याची आमटी जेवून लिहिला, त्यामुळे त्यात फार आत्मविश्वास आला. तो मी सकाळी स्वतःच पुसला.

शेवटी बायकोने सल्ला दिला, "शब्द कशाला वाया घालवतोस? आकडे दाखव. आकड्यांशी कोण वाद घालणार?"

त्या एका वाक्यावर मी विसंबलो.

मी पणजीला पाटोवरच्या एका कार्यालयात काम करतो. परदेशी पर्यटकांच्या बुकिंगच्या तक्रारी आमच्याकडे येतात. प्रत्येक तक्रारीला 'तिकीट' म्हणतात. हा शब्द मी घरी वापरतो म्हणून फोंड्याला आमच्या वाड्यावरच्या दोन-तीन म्हाताऱ्यांना मी कदंबात कंडक्टर आहे असं अजूनही वाटतं. मी ते खोडून काढत नाही. कंडक्टरला पेन्शन असेल असा त्यांचा समज आहे, आणि त्यामुळे माझा मान वाढतो.

तर तिकिटं. जानेवारी ते मार्च या तिमाहीत मला ११०० तिकिटं सोडवायची होती, आणि दहांपैकी नऊ जणांना चार तासांच्या आत पहिलं उत्तर द्यायचं होतं. दोन्हींचे आकडे डॅशबोर्डवर दोन चौकटींत दिसतात. जमलं तर चौकट हिरवी, नाही तर लाल. दिवसातून चाळीसदा त्या चौकटींकडे बघायची सवय लागते, जशी चुलीवरच्या दुधाकडे.

३१ मार्चला दुपारी माझी पहिली चौकट १०५२ वर होती. पण माझ्याकडे साठ तिकिटं अशी पडून होती की काम झालेलं, पैसे परत गेलेले, फक्त गिऱ्हाईक 'हो, मिळाले' म्हणायचं बाकी. एरवी मी वाट बघतो. त्या दिवशी बघितली नाही. 'आपली अडचण दूर झाली आहे, काही लागल्यास जरूर कळवा' असा गोड निरोप पाठवत संध्याकाळपर्यंत साठच्या साठ मिटवली. चौकट १११२ वर गेली आणि हिरवीगार झाली. दुसरी चौकट ९३ टक्क्यांवर आधीच हिरवी होती.

आता स्क्रीनशॉट. हे वाटतं तितकं सोपं नाही. पहिल्या चित्रात वरच्या पट्टीतल्या उघड्या टॅब दिसल्या. त्यांतली एक नोकरी शोधण्याची होती आणि दुसरी 'राजीनामा किती दिवस आधी द्यावा' ही. दुसऱ्या चित्रात उजवीकडे गिऱ्हाइकांची नावं आणि फोन नंबर आले. ते बाहेर पाठवणं नियमात बसत नाही, म्हणून काळे पट्टे ओढले. मग ते चित्र गुप्तहेर खात्याची फाईल वाटू लागलं. तिसऱ्या चित्रात डावीकडे इतर सहकाऱ्यांचे आकडे होते, आणि त्यांत शेजारच्या टेबलावरच्या पोराचे १२४० होते. ते दाखवायची मला काही गरज वाटली नाही. मी चारी बाजूंनी कातरत गेलो. शेवटी दोन हिरव्या चौकटी तेवढ्या उरल्या, देव्हाऱ्यातल्या टाकांसारख्या.

या कातरण्यात वरची एक बारीक ओळ गेली. तिच्यात तारखा होत्या.

पुरावा पक्का असावा म्हणून इमेलमध्ये चित्रांखाली डॅशबोर्डची लिंकही दिली, बारा टक्के वाढ मागितली, आणि रात्री ११ वाजून ५२ मिनिटांनी पाठवून दिला. तिमाही संपायच्या आत पाठवावा, असा आपला एक भाबडा हिशेब.

झोप अर्थातच लागली नाही. पहाटे साडेपाचला पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू आला तेव्हा मी जागाच होतो. उठून उंडे घेतले, चहा टाकला आणि मोबाइल उघडला तर एकोणीस तिकिटं पुन्हा जिवंत झालेली.

मी हादरलो. एकोणीस लोकांचे पैसे अडकले की काय? एकेक उघडून पाहिलं. पहिल्यात लिहिलं होतं, 'थँक यू.' दुसऱ्यात, 'थँक यू सो मच.' तिसऱ्यात एका बाईने मला आणि माझ्या कुटुंबाला शुभेच्छा दिल्या होत्या. एक बुकिंग मूळच्या सासष्टीकर आणि आता परदेशात स्थायिक झालेल्या माणसाचं होतं, त्याने लिहिलं होतं, 'देव बरें करूं.'

आमच्या व्यवस्थेला सौजन्य कळत नाही. मिटलेल्या तिकिटावर गिऱ्हाइकाचं काहीही उत्तर आलं की ते आपोआप उघडतं. उत्तरात शिवी आहे की आशीर्वाद हे ती बघत नाही. इंग्लंडातला माणूस तर आभार मानल्याशिवाय झोपतच नाही, आणि त्याची संध्याकाळ म्हणजे आपली मध्यरात्र. आपल्याकडचा गिऱ्हाईक याबाबतीत फार बरा. काम झालं की तो गप्प होतो. माझ्या मते आमच्या खात्यात त्याला यासाठी सवलत द्यायला हवी.

बसमध्ये खिडकी मिळाली. म्हार्दोळपासून मी मोबाइलवर ती तिकिटं पुन्हा मिटवायला घेतली आणि बाणस्तारीचा पूल येईपर्यंत एकोणीसही संपवली. मंगेशीला हात जोडायचे राहिले, ही एक चूक. दुसरी चूक मला नऊ वाजता कळली.

मॅडमनी केबिनमध्ये बोलावलं. त्या मडगावच्या. रागावल्या की मराठी सोडून कोंकणीवर येतात. पडद्यावर माझा इमेल होता आणि शेजारी माझ्याच लिंकमधून उघडलेला डॅशबोर्ड. त्यावर लिहिलं होतं, ११०० पैकी १९.

"कितें रे हें?"

लिंकमधली तारखेची निवड `Current quarter` अशी होती. म्हणजे उघडेल त्या दिवशी जी तिमाही चालू असेल ती. मी पाठवला तेव्हा ती जानेवारी ते मार्च होती, मॅडमनी उघडला तेव्हा एप्रिल ते जून. बारा टक्के वाढ मागणाऱ्या माणसाने तिमाहीच्या पहिल्या सकाळी पुरावा म्हणून लाल चौकट पाठवली होती. वर तारीखही एक एप्रिल.

मी घाईघाईने सांगितलं की मॅडम, तारखा बदलून बघा. त्यांनी `Jan 1 – Mar 31` टाकलं. चौकट पुन्हा लालच. आकडा १०९३. लक्ष्याला सात कमी.

मॅडमनी स्क्रीनशॉटमधल्या १११२ कडे बघितलं, मग १०९३ कडे, मग माझ्याकडे. "खंयचो आंकडो खरो?" चित्रावर तारीख नाही, कडा कातरलेल्या, आणि आकडा वाढीव. फोटोत रंग भरून आणल्याचा आळ यायला आणखी काय लागतं?

माझ्या तोंडून शब्द फुटेना. मॅडम मात्र हिशेबाच्या पक्क्या. त्यांनी कागदावर १११२ मधून १०९३ वजा केले. उत्तर १९. मग लिंकमधल्या १९ वर बोट ठेवलं. "हे तेच?"

तेच होते. आमचा डॅशबोर्ड तिकीट शेवटचं कधी मिटलं ती तारीख धरतो. मार्चमध्ये मिटवलेलं तिकीट आभारामुळे उघडलं, तेव्हा ते मार्चच्या खात्यातून गेलं. एप्रिलच्या सकाळी मी बसमधून ते पुन्हा मिटवलं, तेव्हा एप्रिलच्या खात्यात पडलं. काम मार्चचं, जमा एप्रिलला. पहिल्या उत्तराची चौकट तेवढी ९३ वरून हलली नाही, कारण पहिलं उत्तर एकदाच दिलं जातं आणि नंतर कुणी कितीही आभार मानले तरी ते पुसत नाही.

मग मॅडमनी एक रकाना बदलला. `Last solved` च्या जागी `First solved` निवडलं, म्हणजे तिकीट पहिल्यांदा कधी मिटलं ते. आकडा १११२ झाला. चौकट हिरवी. मी खुर्चीत बसलो. तोपर्यंत उभा होतो हे तेव्हा लक्षात आलं.

जाता जाता त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, जी न सांगत्या तर बरं होतं. डॅशबोर्डचा दिवस आपल्या मध्यरात्री बदलत नाही. तो जागतिक वेळेवर चालतो, म्हणजे आपल्याकडे पहाटे साडेपाचला बदलतो. बहुतेक आभार रात्री दोनच्या आत आले होते. मी जागा होतो. उठून बसलो असतो तर ती सगळी मार्चमध्येच पुन्हा मिटली असती. तो भोंपू वाजत होता तेव्हा पोदेर नुसते उंडे विकत नव्हता, तो माझी तिमाही संपल्याची दवंडी पिटत होता.

"आकडे बरोबर आहेत," मॅडम म्हणाल्या. आता त्या मराठीवर आल्या होत्या. "पण वाढीचा तक्ता फेब्रुवारीतच वर गेला. एकतीस मार्चला मागून काय मिळणार?"

चवथीच्या दिवशी सकाळी माटोळीचं सामान आणायला बाजारात जाणाऱ्याचं जे होतं, ते माझं झालं होतं. नारळ उरतात, तेही फुटके.

शिवाय, त्या म्हणाल्या, लक्ष्य गाठलं म्हणजे पाचात तीन गुण. त्यासाठीच तर पगार आहे. मी चार तिमाह्यांचे आकडे पक्क्या तारखांसकट तक्त्यात उतरवून द्यावेत, चित्र नको. आणि लक्ष्याबाहेर काय केलं ते लिहावं. मी गेल्या वर्षी दोन नवीन पोरांना तयार केलं होतं, आणि पैसे परत मिळण्याबद्दल रोज तेच ते विचारतात म्हणून उत्तरांचे नमुने लिहून ठेवले होते, जे आता सगळा विभाग वापरतो. शेजारच्या टेबलावरचे १२४० त्यातूनच आलेले. यातलं काहीच कुठल्या चौकटीत दिसत नाही, आणि इमेलमध्ये मी त्याबद्दल अक्षर लिहिलं नव्हतं.

बारावा मसुदा तसा केला. चित्र एकही नाही. मॅडमनी त्यावर दोन चांगल्या ओळी लिहून तो मनुष्यबळ विभागाकडे धाडला. त्या विभागातही आता सगळे अर्ज तिकिटांवरच चालतात, त्यामुळे माझ्या पगारवाढीलाही एक क्रमांक मिळाला. चौथ्या दिवशी उत्तर आलं. 'आपल्या विनंतीचा ऑक्टोबरच्या आढाव्यात विचार होईल. काही लागल्यास जरूर कळवा.' खाली बारीक अक्षरात स्थिती दिली होती: `Solved`.

मी ते दोनदा वाचलं. मग उत्तराची चौकट उघडून टाइप केलं, 'देव बरें करूं,' आणि पाठवून दिलं.

तिकीट उघडलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा मिटवलं. मी पुन्हा आभार मानले.