साठ दिवस की तीस? माझ्या लेखातली चूक आणि तिचं पूर्ण उत्तर

वाचकाची प्रतिक्रिया: "तुम्ही ठामपणे लिहिलं होतं की डिलीट केलेला फोटो ट्रॅशमध्ये ६० दिवस राहतो. मी निवांत राहिलो. ३ मार्चला उडवलेले फोटो ६ एप्रिलला बघायला गेलो, तर ट्रॅश रिकामी. असं अर्धवट लिहून लोकांचं नुकसान का करता?"

तुमचं म्हणणं बरोबर आहे. त्या लेखात एक अट लिहायची राहिली आणि त्याची किंमत तुम्हाला मोजावी लागली. मनापासून माफी मागतो. लेख आज दुरुस्त केला आहे.

गूगल फोटोजमध्ये ६० दिवसांची मुदत मिळते ती फक्त बॅकअप झालेल्या फोटोंना. जो फोटो अजून फोनवरच होता, खात्यात चढला नव्हता, त्याला ३० दिवस मिळतात. म्हणजे ३ मार्चला उडवलेला फोटो बॅकअप झालेला असता तर २ मेपर्यंत परत आणता आला असता. बॅकअप नसेल तर मुदत २ एप्रिललाच संपली. तुम्ही चार दिवस उशिरा पोचलात, आणि तेही माझ्या भरवशावर.

बॅकअप चालू होता, असं तुम्ही कदाचित म्हणाल. इथेच बहुतेकांची गफलत होते. बॅकअप चालू असणं वेगळं आणि तो विशिष्ट फोटो चढलेला असणं वेगळं. सेटिंगमध्ये फक्त वायफायवर बॅकअप असेल आणि फोटो काढल्यापासून डिलीट करेपर्यंत फोन मोबाइल डेटावरच असेल, तर तो फोटो चढलेलाच नसतो. खात्यातली जागा भरली असेल तरी तेच होतं.

याची खात्री करायची सोपी पद्धत आहे. संगणकावर त्याच खात्यातून photos.google.com/trash उघडा. फोटो तिथे दिसला तर तो बॅकअप झालेला आहे. फोनच्या ट्रॅशमध्ये दिसतो पण संगणकावर दिसत नाही, तर ती प्रत फक्त फोनमध्ये आहे. तेव्हा ३० दिवसच धरून चाला आणि लगेच Restore दाबा. अशा वेळी फोन रीसेट करू नका, कारण ती एकमेव प्रत त्याच्याबरोबर जाते.

अँड्रॉइड ११ आणि पुढच्या फोनमध्ये ही मुदत फाइलच्या नावातच लिहिलेली असते. ट्रॅशमध्ये टाकलेला फोटो दुसरीकडे कुठे जात नाही, त्याच फोल्डरमध्ये नाव बदलून लपवला जातो:

```
.trashed-1775088000-IMG_20260214_181022.jpg
```

मधला आकडा म्हणजे १ जानेवारी १९७० पासून मोजलेले सेकंद, आणि तो डिलीट केल्याची नव्हे, मुदत संपण्याची वेळ सांगतो. हा आकडा २ एप्रिल २०२६ चा आहे. म्हणजे फोटो ३ मार्चला उडवला होता. लपवलेल्या फाइली दाखवणारा फाइल मॅनेजर असेल तर हे स्वतः बघता येतं. नाव मात्र हाताने बदलू नका, परत आणण्याचं काम ट्रॅशमधूनच करा.

आयफोनचा हिशोब वेगळा आहे. तिथे Recently Deleted मध्ये प्रत्येक फोटोवर उरलेले दिवस दिसतात, सुरुवात ३० पासून होते. आयओएस १६ पासून तो अल्बम कुलूपबंद असतो, त्यामुळे फेस आयडी किंवा पासकोड दिल्याशिवाय आतलं काही दिसत नाही.

तुमच्या बाबतीत अजून दोन ठिकाणं बघायची राहिली असतील, ती आज नक्की बघा. फोटो तुम्ही गूगल फोटोजमधून नव्हे तर फोनच्या स्वतःच्या गॅलरी ॲपमधून उडवले असतील, तर बॅकअप झालेली प्रत गूगल फोटोजच्या मुख्य लायब्ररीत अजून असू शकते. तिथे ट्रॅशमध्ये शोधून काही मिळणार नाही. दुसरं, घरात कुणी आधीच Restore केलं असेल तर फोटो सगळ्यात वर दिसत नाही. तो ज्या दिवशी काढला होता त्या तारखेला जाऊन बसतो. १४ फेब्रुवारीचा फोटो असेल तर १४ फेब्रुवारीपर्यंत खाली जा.

दोन्हीकडे नाही मिळाला, तर पैसे घेऊन फोटो परत आणून देणाऱ्या ॲपच्या नादी लागू नका. आजच्या फोनमध्ये साठवण कूटबद्ध असते आणि फाइल कायमची पुसली की तिचं कुलूप उघडणारी माहितीही तिच्याबरोबर जाते. अशी ॲप्स बहुतेक वेळा दाखवतात ते कॅशेमधले लहानसे थंबनेल, मूळ फोटो नव्हे. त्यापेक्षा ते फोटो तुम्ही कुणाला पाठवले होते का ते आठवा आणि त्यांच्याकडे मागा. काय हाती लागलं ते इथे जरूर कळवा.