इन-इअरच्या फ्रिक्वेन्सी ‘सारख्या अंतरावर’ ठेवू नका

“छोट्या बँडला वायरलेस इन-इअर लावणं एकदम सोपं आहे. प्रत्येकाला एकेक ट्रान्समिटर द्या, सगळ्यांच्या फ्रिक्वेन्सी सारख्या अंतरावर ठेवा, मग कोणी कोणाच्या आड येत नाही. आणि डिजिटल सेटचा पाच मिलिसेकंदांचा उशीर कुणालाच कळत नाही.”

वायरलेस इन-इअर, म्हणजे स्टेजवर गाणाऱ्या-वाजवणाऱ्याला त्याचा मिक्स कानात ऐकवणारे इअरपीस, यांबद्दल असं सांगितलं जातं. त्यात सगळ्यात जास्त नुकसान करतो तो अंतराचा सल्ला. समजा, तीन ट्रान्समिटर ६००.०, ६००.४ आणि ६००.८ मेगाहर्ट्झवर आहेत. ते एकाच रॅकमध्ये अँटेनाला अँटेना लागून असले की एकाचा सिग्नल दुसऱ्याच्या आउटपुटमध्ये शिरतो आणि तिथे नवे सिग्नल तयार होतात. त्यातला सर्वात त्रासदायक म्हणजे एकाची दुप्पट वजा दुसरा. ६००.४ ची दुप्पट १२००.८, त्यातून ६००.० गेले की उरतात ६००.८. म्हणजे नेमका तिसऱ्याचाच चॅनेल! अंतर जितकं काटेकोर सारखं, तितका हा सिग्नल अचूक तिथेच बसतो.

तपासायला मिनिटभर लागतं. तिसरा ट्रान्समिटर बंद करा, त्याचा रिसीव्हर चालूच ठेवा. पहिले दोन बंद असताना त्याच्या सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या आरएफ मीटरवर काही नाही आणि दोन्ही सुरू केल्यावर कांड्या चढल्या, तर हेच घडतंय. तिसरा ६०१.२ वर नेला तर तिघांची कुठलीही अशी बेरीज-वजाबाकी कोणाच्याही ०.४ पेक्षा जवळ येत नाही. अर्थात आधी रिकामे चॅनेल स्कॅन करा आणि परवानगी असलेल्या पट्ट्यातच राहा. वायरलेस माइकही याच हिशेबात धरायचे. त्यांचे रिसीव्हर इन-इअरच्या ट्रान्समिटरपासून लांब ठेवा. ट्रान्समिटर जास्त असतील तर ते सगळे एकाच अँटेनाला जोडणारा अँटेना कंबाइनर घ्या.

मुळात चौघांना चार ट्रान्समिटर लागतातच असं नाही. स्टिरिओ ट्रान्समिटरच्या डाव्या बाजूला एक मिक्स, उजव्या बाजूला दुसरा. रिसीव्हरवर हवी ती बाजू दोन्ही कानांत घेण्याची सोय असेल तर दोन ट्रान्समिटरमध्ये चार मिक्स होतात. स्टिरिओ जातो, पण फ्रिक्वेन्सी निम्म्या होतात. माझ्या मते हा सौदा फायद्याचा आहे.

उशिराबद्दल म्हणाल तर गिटारवाल्यापुरतं ते खरं आहे. तीन मीटरवरच्या अँपचा आवाजही नऊएक मिलिसेकंदांनीच पोचतो. गायकाचं तसं नाही. त्याचा आवाज हाडांतून त्याच्या कानात लगेच पोचलेला असतो, आणि पाच मिलिसेकंदांनी तोच आवाज इअरपीसमधून आला की दोन्ही मिसळून काही स्वर एकमेकांना खोडतात, म्हणजे दर २०० हर्ट्झला आवाजात एक खड्डा पडतो. उशीर म्हणून तो जाणवत नाही. स्वतःचा आवाज पोकळ, डब्यातून आल्यासारखा वाटतो, आणि गायक मॉनिटर वाढवायला सांगत राहतो. डिजिटल माइक, डिजिटल मिक्सर आणि डिजिटल इन-इअर यांचे उशीर एकमेकांत मिळवले जातात, हेही धरा. खात्री करायची तर गायकाला एकदा मिक्सरच्या हेडफोन सॉकेटमध्ये वायरने आणि एकदा वायरलेसवर, तेवढ्याच आवाजात, लांब ‘आ’ लावायला सांगा. पोकळपणा फक्त वायरलेसवर आला, तर गायकापुरता अ‍ॅनालॉग सेट घ्या.