सिम मिळालं, पण ओटीपी कुठंय?

मागच्या मंगळवारी संध्याकाळी डेक्कनहून कोथरूड डेपोच्या बसमध्ये माझा फोन गेला. पडला की कुणी काढला माहीत नाही, बस खचाखच होती आणि पर्सची चेन अर्धी उघडी, म्हणजे चूक माझीच. उतरल्यावर कळलं. शेजारच्या काकूंच्या फोनवरून रिंग दिली तर दोनदा वाजला, तिसऱ्यांदा बंद. तिथेच मनात म्हटलं, गेला.

घरी जाऊन नवऱ्याच्या फोनवरून पहिला कॉल कंपनीच्या कस्टमर केअरला केला आणि सिम बंद करायला सांगितलं. हे पहिलं का, तर माझ्या फोनला लॉक होता पण सिमला नव्हता. चोराने लॉक तोडायची गरजच नाही, सिम काढून आपल्या फोनमध्ये घातलं की माझ्या बँकेचे ओटीपी त्याच्याकडे. सिमलाही वेगळा पिन लावता येतो हे मला माहीत होतं, लावला मात्र कधीच नव्हता. दुसरा कॉल बँकेला, यूपीआय आणि नेटबँकिंग बंद. हे सगळं अर्ध्या तासात झालं, त्याबद्दल स्वतःची पाठ थोपटून घेतली, कारण पुढे सगळी गंमतच आहे.

बुधवारी सकाळी आधार घेऊन मोबाइल कंपनीच्या गॅलरीत गेले. काउंटरवरची मुलगी म्हणाली, मॅडम, नंबर तुमच्या नावावर नाहीये. बरोबर, २००९ साली बाबांनी घेऊन दिलेला, त्यांच्याच नावावर. पंधरा-सोळा वर्षं मी वापरतेय, बिल मी भरतेय, पण कागदावर मालक बाबा, आणि ड्युप्लिकेट सिम ज्याच्या नावावर नंबर त्यालाच मिळतं, तेही स्वतः आल्यावर. चिठ्ठी चालत नाही, फोनवरून सांगितलेलं चालत नाही. चिडले मी, पण नंतर विचार केला की माझ्या चिठ्ठीवर सिम मिळत असतं तर कुणाच्याही चिठ्ठीवर मिळालं असतं.

मग बाबांना रिक्षाने आणलं. वय ७४, बोटांच्या रेषा पुसट झालेल्या, मशीनवर अंगठा काही लागेना. सगळी बोटं झाली, ओल्या फडक्याने पुसून झाली, बाबा म्हणाले "अगं इतकी बोटं तर रेशनच्या दुकानातपण नाही लावली." शेवटी तिने आधारकार्डचा फोटो काढला, बाबांचा तिथल्या तिथे लाइव्ह फोटो काढला आणि एका दुसऱ्या चालू नंबरवर ओटीपी पाठवला. नवऱ्याचा नंबर दिला, तो ऑफिसात, त्याला फोन करून ओटीपी विचारायचा. म्हणून जाताना असं कुणीतरी फोनवर हाताशी ठेवा.

दुपारी १:४० ला नवीन सिमला नेटवर्क आलं. दादाला कॉल लागला, त्याचा मला लागला, इंटरनेट सुरू. बाबांना भेळ खाऊ घालून घरी सोडलं.

घरी येऊन जुन्या फोनमध्ये यूपीआय ॲप टाकलं तर नंबर व्हेरिफाय होईना. बँकेच्या ॲपमध्ये लॉगिन, ओटीपी पाठवला म्हणे, येतच नाही. रीसेंड. परत रीसेंड. सिम काढून घातलं, फोन बंद-चालू केला, परत रीसेंड, आणि मग बँकेने माझं लॉगिनच काही वेळासाठी लॉक केलं. मला वाटलं सिम खराब दिलं. कस्टमर केअरला अर्धा तास गाणं ऐकल्यावर एक पोरगा शांतपणे म्हणाला, मॅडम, सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद असतात, येणारे पण आणि जाणारे पण.

ही ओळ सिम हातात देताना सांगायला काय होत होतं?

नियमावर माझा राग नाही, उलट तो हवाच. फसवणूक करणारे काय करतात, खोटी कागदपत्रं दाखवून तुमच्या नंबरचं सिम स्वतः काढतात, तुमच्या फोनचं नेटवर्क अचानक जातं आणि तुम्ही "रेंज नाहीये वाटतं" म्हणत झोपून जाता, तोवर ओटीपी तिकडे. हे २४ तास म्हणजे खऱ्या मालकाला जागं व्हायला दिलेला वेळ आहे. (त्यामुळे तुमचं सिम चांगलं असताना अचानक तुमचंच नेटवर्क गेलं आणि शेजाऱ्याला आहे, तर त्याच दिवशी कंपनीला फोन लावा.) जाणारे एसएमएस बंद असल्यामुळेच माझं यूपीआय अडलं, कारण ते ॲप नंबर तपासायला तुमच्या फोनमधूनच गुपचूप एक एसएमएस पाठवतं. म्हणजे कॉल लागतायत, नेट चालतंय आणि फक्त मेसेज नाहीत, तर सिम खराब नाही, घड्याळ बघा. घड्याळ सिम सुरू झाल्यापासून मोजायचं, अर्ज केल्यापासून नाही.

कॉल मात्र बंद नसतात. व्हॉट्सॲपमध्ये एसएमएसऐवजी कॉलवर कोड मागवायचा पर्याय असतो, तो निवडला, एका बाईने सहा आकडे वाचून दाखवले आणि बुधवारी रात्रीच व्हॉट्सॲप सुरू, चोराकडच्या फोनमधलं आपोआप बंद. पण हीच वाट चोरालाही मोकळी असते, म्हणून व्हॉट्सॲपचा टू-स्टेप पिन लावून ठेवा. मी लावलेला होता आणि आठवतही होता, नशीब, कारण विसरला आणि ईमेल दिलेला नसेल तर सात दिवस थांबावं लागतं. जीमेल लॅपटॉपवर उघडंच होतं म्हणून वाचले. तिथूनच बॅकअप कोडची प्रिंट काढून कपाटात ठेवली, फोन हरवल्यावर सुचलं ते.

आता हँडसेटचं. सिम बंद केलं म्हणजे फोन बंद झाला असं नाही, तो दुसऱ्या सिमवर मजेत चालतो. त्यासाठी sancharsaathi.gov.in वर जाऊन आयएमईआय, म्हणजे हँडसेटचा स्वतःचा ओळख क्रमांक, ब्लॉक करायचा. पुणे पोलिसांच्या वेबसाइटवर लॉस्ट अँड फाउंडमध्ये तक्रार करून तिची प्रत मी आधीच घेतली होती. बुधवारी रात्री फॉर्म भरायला बसले, १५ आकडी आयएमईआय फोनच्या खोक्यावर, खोकं माळ्यावर, नवऱ्याला स्टुलावर चढवलं, दोन सिमचा फोन म्हणून आकडे दोन, सगळं भरलं आणि शेवटी काय, तर ओटीपी, त्याच हरवलेल्या नंबरवर! म्हणजे परत गुरुवारपर्यंत थांबा. खोकं फेकून दिलं असेल तर फोन हातात आहे तोवर आजच *#06# लावा आणि आकडे वहीत लिहा. फोनमध्ये नाही, वहीत.

माझी खरी तक्रार बँकांबद्दल आहे. एक नंबर गेला की गॅस, बँक, आधार, पीएफ सगळं एकदम ठप्प, आणि त्या दिवशी किराणावाल्याला द्यायला माझ्याकडे रोख १४० रुपये होते. ओटीपी ईमेलवर पण द्यायला काय जातं यांचं? काही देतात, माझी नाही देत.

गुरुवारी दीडपासून फोन समोर ठेवून बसले. दादाला सांगितलेलं, दर पाच मिनिटांनी एक एसएमएस टाक. १:४० ला काही नाही, १:४५ ला नाही, म्हटलं परत गॅलरी. फोन एकदा रीस्टार्ट केला आणि १:५२ ला टुंग. दादाचा मेसेज, "जिवंत आहेस का".

त्याच्या पाठोपाठ कर्जाच्या ऑफरचे तीन.

बाबा म्हणतायत आता नंबर तुझ्या नावावर करून घे. त्यासाठी परत दोघांनी गॅलरीत जायचंय. ते भेळेवर तयार आहेत.