कैलास कुणाच्या बापाचा नाही, पण फोटो?

वाचकाची प्रतिक्रिया: सर, कायद्याची भीती दाखवून लेख लांबवलाय नुसता. वॉटरमार्क काढला तर तीन वर्षं कैद कुठे लिहिलीय? कैलास लेणं काय फोटोवाल्याच्या बापाचं आहे का? खाली ‘फोटो साभार’ लिहिलं की झालं. मोबाइलच्या वॉलपेपरला लावला तर कुणाचं काय बिघडतं?

उत्तर: चूक आधी कबूल करतो. कॉपीराइट कायद्याच्या कलम ६५बी मध्ये कैद दोन वर्षांपर्यंत आणि दंड आहे. तीन वर्षं कलम ६३ ची, माझी गल्लत झाली. लेखात दुरुस्त केलंय.

पण बाप काढायची गरज नव्हती. माझ्या वडिलांचा जिंतूरला स्टुडिओ होता. प्रत्येक फोटोच्या मागं ते रबरी शिक्का मारायचे, आणि तो खरवडून फोटो आपला म्हणून खपवणारा गिऱ्हाईक आम्ही तरी पाहिला नाही. म्हणून झोंबलं. तुम्ही असं तोंडावर बोलला असता का, तुमचं तुम्हाला ठाऊक.

आठव्या शतकातलं लेणं कुणाचंच नाही, मान्य. फोटो मात्र काढणाऱ्याचा असतो, हयातभर आणि नंतर ६० वर्षं. मी मागच्या पावसाळ्यात वेरूळला कड्यावरून कैलास टिपला आणि १२०० पिक्सेलचा करून इथं टाकला, शिखरावरून आडवं नाव घालून. दिवाळीनंतर तोच एका फ्लेक्सवर दिसला. नाव गायब! जवळ जाऊन पाहिलं तर शिखराच्या दगडावरचा एकच खळगा शेजारीशेजारी दोनदा उमटलेला. बाजूचा तुकडा उचलून नावावर चिकटवला की असंच होतं. माझ्याकडच्या ५००० पिक्सेलच्या मूळ फाइलीत खळगा एकच आहे. दोन्ही समोर ठेवल्यावर फ्लेक्सवाला काय म्हणाला? “साभार लिहितो की सर.” तुमचंच वाक्य.

अहो, साभार म्हणजे परवानगी नव्हे. फोटो वापरू का, हे आधी विचारायचं असतं. फोटोवरचं नाव ही कायद्याच्या भाषेत हक्काची माहिती. ती विनापरवाना जाणूनबुजून काढणं हा वेगळाच गुन्हा, आणि काढलीय हे माहीत असून तो फोटो वाटणाराही त्यात येतो. ‘जाणूनबुजून’ हा शब्द तिथं उगाच नाही. डीपी लावताना चौकटीत नाव कापलं गेलं तर ते चुकून झालं म्हणता येईल. पण खळग्यावर खळगा चिकटवायला बसावं लागतं, झूम करून.

वॉलपेपरचं म्हणाल तर खाजगी वापराला कलम ५२ मध्ये सवलत आहे. ती नाव खोडण्यालाही लागू होते का, यावर वाद घालत बसायला मला वेळ नाही. घरच्या वॉलपेपरवर मी लेख लिहिलाच नव्हता.

बिननावाचा कैलास हवाच असेल तर स्वतः जाऊन काढा. मंगळवारी जाऊ नका, लेणी बंद असतात.