दाढ, डॉक्टर आणि ७८ पत्ते

माझी खालची उजवी दाढ दिवसा सभ्यपणे वागते. रात्री मी आडवा झालो की ती उठून बसते. उशीला डोकं टेकलं की ठणका सुरू, आणि तो थेट कानशिलापर्यंत. चार रात्री मी खुर्चीत बसून झोपलो. पाचव्या दिवशी, म्हणजे सोमवारी, दंतवैद्य गाठले.

त्यांनी दाढेची रीतसर उलटतपासणी घेतली. बर्फासारखा गार केलेला कापूस आधी शेजारच्या दाढेला लावला. कळ आली आणि कापूस काढल्याबरोबर गेली. मग आमच्या बाईसाहेबांना लावला. कापूस काढून मिनिट झालं तरी मी खुर्चीचे हात सोडले नव्हते.

"कळ लगेच गेली असती तर नुसतं भरून भागलं असतं," डॉक्टर म्हणाले. "ती रेंगाळतेय, म्हणजे आतली नस आता सावरणार नाही. एक्स-रेमध्येही कीड नसेपर्यंत पोचलेली दिसतेय. रूट कॅनाल करू. गुरुवारी चारची वेळ आहे. बुधवारी संध्याकाळी सहाच्या आत कळवा, कारण पुढे तीन आठवडे मी नाही."

पुरावा झाला, तज्ज्ञाचं मत झालं, मुदतही ठरली. आता ठरवायचं असं काही उरलंच नव्हतं. म्हणून मी भाचीकडे गेलो.

भाची सहा महिन्यांपासून टॅरो, म्हणजे पत्ते काढून भविष्य सांगायला शिकतेय. ७८ पत्ते, त्यातले २२ मोठे, ५६ छोटे, आणि पत्ता उलटा निघाला तर अर्थ वेगळा. तिने पत्ते पिसले, मी प्रश्न विचारला, "गुरुवारी जाऊ का?" पत्ता निघाला फोर ऑफ स्वोर्ड्स. त्यावर एक योद्धा हात जोडून थडग्यावर पडलेला.

"विश्रांती घे म्हणतोय, मामा. घाई नको."

इतका समंजस पत्ता मी आयुष्यात पाहिला नव्हता. पण खात्री केलेली बरी, म्हणून दुसरा काढायला लावला. तो निघाला टॉवर. मनोऱ्यावर वीज पडलीय, वरचा मुकुट उडालाय, आणि दोन माणसं डोकं खाली करून कोसळतायत. भाची गप्प झाली. मी म्हटलं, "एकास एक झालं, तिसरा काढ." तिसरा होता एट ऑफ स्वोर्ड्स, म्हणजे डोळे बांधलेली, दोऱ्यांनी आवळलेली एक बाई आणि तिच्याभोवती आठ तलवारी. तो मी झटकन गड्डीत सारला. का, ते पुढे येईलच.

आमची ताई, म्हणजे भाचीची आई, हिशेब तपासायचं काम करते. ती स्वयंपाकघरातून हे सगळं ऐकत होती. बाहेर येऊन तिने एकच विचारलं, "पहिलाच पत्ता 'जा' म्हणाला असता तर काय केलं असतंस?"

"दुसरा काढला असता."

"मग पत्त्यांना कशाला त्रास? निम्मे पत्ते 'थांब' म्हणतात असं धर. तीन काढलेस, तर आठातल्या सात वेळा एक तरी 'थांब' हाती येणारच. आणि हा पहिला पत्ता नीट बघितलास का?"

मी बघितला. आडव्या योद्ध्याच्या वर, भिंतीवर तीन तलवारी होत्या. टोकं खाली, थेट त्याच्याच दिशेने. दंतवैद्याच्या खुर्चीचं इतकं हुबेहूब चित्र खुद्द दंतवैद्याकडेही नसेल. तोच पत्ता, मघाशी 'थांब', आता 'जा'. दाढ मात्र तीच होती.

मी शेवटचं अस्त्र काढलं, "अगं, हे इजिप्तचं प्राचीन ज्ञान आहे." ते भाचीनेच खोडलं, हे तिच्या प्रामाणिकपणाला शोभलं. हे पत्ते पंधराव्या शतकात उत्तर इटलीत चक्क खेळायला निघाले होते. इजिप्तची गोष्ट कूर द जेबलँ नावाच्या फ्रेंच पंडिताने १७८१ मध्ये छापली, आणि इजिप्तची चित्रलिपी वाचायची किल्ली शाँपोलियोंला सापडली ती १८२२ मध्ये. म्हणजे वाचता येण्याच्या ४१ वर्षं आधीच अर्थ लागला होता. माझ्या हातातली चित्रं तर १९०९ मधली, पामेला कोलमन स्मिथ या बाईंनी काढलेली. एकाही टप्प्यावर कुणी माझा एक्स-रे पाहिलेला नव्हता.

एवढ्यावर मी शरण गेलो असतो. पण मंगळवारी रात्री चमत्कार झाला. दाढ दुखायची थांबली, अगदी पूर्ण. मी आडवा झोपलो, उजव्या कुशीवर झोपलो, घोरलोसुद्धा. बुधवारी सकाळी ताईला कळवलं, "विश्रांती घे म्हणाला होता ना पत्ता?" आणि अकरा वाजता विजयी स्वरात दवाखान्यात फोन लावला. गुरुवार रद्द करा.

डॉक्टरांनी अभिनंदन केलं नाही. म्हणाले, "थंड पाण्याचा घोट घ्या आणि त्या दाढेवर धरा. काय वाटतं?"

"काहीच नाही!"

"आता डावीकडे धरा."

डावीकडे झिणझिण्या आल्या.

"दुखायला नस जिवंत लागते," ते म्हणाले. "तुमची मेलेली दिसतेय. जंतू मात्र ठणठणीत आहेत. ते आता मुळाच्या टोकातून हाडात उतरतील. तिथे पू धरला की दुखणं परत येईल, सूज घेऊन. तेव्हा दाढ वाचेलच असं नाही."

म्हणजे मी ज्याला पत्त्याचा विजय समजत होतो, तो दाढेचा दहावा होता. पत्ता खरा ठरला असं मला वाटलं, कारण 'दुखत नाही' आणि 'बरं झालं' यांत मी फरकच केला नव्हता. तो फरक कळायला पेलाभर पाणी पुरलं.

मी गुरुवारचं कायम केलं. बुधवार, सकाळचे अकरा वाजून सहा मिनिटं. मुदतीच्या सुमारे सात तास आधी. हा माझा विक्रम आहे.

त्या संध्याकाळी मात्र तो तिसरा पत्ता मी गड्डीतून शोधून काढला. दाढेबद्दल त्याला काही ठाऊक नव्हतं, हे मला मान्यच होतं. पण तो बघून मी दचकलो होतो, आणि दचकणं माझं होतं. बांधलेले हात, झाकलेले डोळे. मागे एकदा एका दाताला भूल नीट चढलीच नव्हती, आणि तोंडात नळ्या असल्यामुळे मला ते सांगताच आलं नव्हतं. सोमवारी मी डॉक्टरांना खर्च विचारला, वेळ विचारली, पार्किंग विचारलं. हे विचारलं नव्हतं.

गुरुवारी खुर्चीत बसायच्या आधी विचारलं. डॉक्टर म्हणाले, "बरं झालं बोललात. सुजलेल्या खालच्या दाढेला भूल कधीकधी अर्धवट चढते. इंजेक्शननंतर पंधरा मिनिटं थांबू, तपासू आणि मगच सुरू करू. लागलं तर आणखी देऊ. मध्ये काही वाटलं तर डावा हात वर करा, मी थांबतो."

जायचं की नाही यात त्या पत्त्याचं वजन शून्य. डाव्या हाताचं श्रेय मात्र मी त्याला देतो.

हात एकदाच वर केला. भूल आणखी मिळाली. दाढेत तीन वाटा निघाल्या, तिन्ही साफ झाल्या. शेवटी डॉक्टर म्हणाले, "पुढच्या भेटीत हिच्यावर क्राउन बसवू. तोवर या बाजूने चावू नका, नाहीतर वरचा भाग उडेल."

अर्ध्या बधिर तोंडाने मी हे घरी सांगितलं. भाची उठली, पत्ते घेऊन आली आणि टॉवर माझ्यासमोर ठेवला. मनोरा, वीज, उडालेला मुकुट.

"क्राउन," ती म्हणाली. "मी सोमवारीच काढून दाखवला होता, मामा."

मला बोलता येत नव्हतं. मी डावा हात वर केला. ती काही थांबली नाही.